काट्याच्या जाडीत हरवलेले बाराशे लिटर

तालुक्याच्या एखाद्या दूध संघाचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. व्यवस्थापकांच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला आहे आणि त्यावर संघाचा डॅशबोर्ड चालू आहे. आजचे संकलन, सरासरी फॅट, एसएनएफ, नाकारलेले दूध, बल्क कूलरचे तापमान आणि थकीत बिले अशा सहा गोष्टींसाठी गाडीच्या स्पीडोमीटरसारख्या सहा तबकड्या आहेत. प्रत्येकीत लाल, पिवळा आणि हिरवा पट्टा आणि त्यावर एक काळा काटा. पडदा भरलेला दिसतो, पाहुण्यांवर छाप पडते. पण या पडद्यावरून संघाला काय कळते हे तपासले, तर उत्तर फार थोडे निघते. अशा तबकड्या बँकांच्या शाखांत, कारखान्यांत, महापालिकांच्या सादरीकरणांत सगळीकडे आहेत. दूध संघ मी उदाहरणासाठी घेतला आहे आणि पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मांडले आहेत.

संकलनाची तबकडी घेऊ. मोजपट्टी शून्य ते ६० हजार लिटर. २४ हजारांपर्यंत लाल, ३६ हजारांपर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. रोजचे लक्ष्य ४५ हजार लिटर. सोमवारी ४६,८०० लिटर दूध आले. मग रोज थोडे थोडे कमी होत गेले: ४६,२००, ४५,७००, ४४,९००, ४४,१००, ४३,५०० आणि रविवारी ४२,३००. सहा दिवसांत साडेचार हजार लिटर, म्हणजे जवळजवळ दहा टक्के दूध गळाले. कोणत्याही संघासाठी ही धोक्याची घंटा आहे. पण तबकडीवर काटा सोमवारी हिरव्यात होता आणि रविवारीही हिरव्यातच आहे.

अर्धवर्तुळात १८० अंश असतात. त्यात ६० हजार लिटर बसवले, की एका अंशाच्या वाट्याला ३३३ लिटर येतात. सोमवार ते मंगळवार सहाशे लिटर कमी झाले, तेव्हा काटा दोन अंशांपेक्षाही कमी हलला. आठवड्यातली सगळ्यात मोठी घसरण शनिवार ते रविवारची, बाराशे लिटरची, आणि त्यासाठी काटा ३.६ अंश सरकला. घड्याळाच्या काट्याला एक मिनिट पुढे जायला सहा अंश लागतात, म्हणजे हे अर्ध्या मिनिटाहून थोडे जास्त झाले. काल काटा नेमका कुठे होता हे पडद्यावर कुठेच नसते, ते पाहणाऱ्याने मनात धरायचे असते. इतका बारीक फरक कुणाच्याही लक्षात राहत नाही.

डोळ्याचा दोष यात नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकेतल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. आलेखातल्या वेगवेगळ्या खुणा माणूस किती अचूक वाचतो, हे त्यांनी प्रयोग करून तपासले होते. एकाच मोजपट्टीवर ठेवलेल्या बिंदूंची जागा माणसाला सगळ्यात नीट कळते. त्याखालोखाल लांबी कळते. कोन त्याहून कच्चा वाचला जातो, आणि क्षेत्रफळ व रंगाची गडद-फिकी छटा त्यांच्याही मागे. तबकडी आपल्याला कोन वाचायला लावते, शिवाय तो वाकलेल्या मोजपट्टीवर. म्हणजे हातात असलेले चांगले साधन बाजूला ठेवून आपण कच्चे साधन निवडतो आणि त्यासाठी जागाही जास्त देतो.

याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. जवळपास प्रत्येक तबकडीच्या पोटात मधोमध तो आकडाही छापलेला असतो. आधी कागदाच्या तुकड्याने तो आकडा झाका आणि खोलीतल्या तिघांना संकलन किती ते विचारा. कुणी चाळीस म्हणेल, कुणी त्रेचाळीस. मग उलटे करा, तबकडी झाका आणि आकडा तेवढा उघडा ठेवा. तिघेही एकच उत्तर देतील आणि लगेच देतील. वाचण्याचे काम मधला छोटा आकडाच करत असतो, भोवतालचे अर्धवर्तुळ फक्त त्याला वेढून बसलेले असते. चारशे पिक्सेल रुंद आणि अडीचशे उंच तबकडी पडद्याचे एक लाख पिक्सेल घेते. तोच आकडा नाव, एकक आणि तुलनेसह दोनशे बाय शंभरच्या चौकटीत स्वच्छ दिसतो, म्हणजे वीस हजार पिक्सेलमध्ये. एका तबकडीच्या जागेत असे पाच आकडे बसतात.

ही जागा कशी वाया जाते, ते एक्सेलमध्ये तबकडी बनवताना सगळ्यात स्पष्ट दिसते. एक्सेलमध्ये स्पीडोमीटर नावाचा तयार चार्ट नाही. लोक तो जुळवून बनवतात. आधी डोनट चार्ट घ्यायचा आणि त्याला चार भाग द्यायचे: ४०, २०, ४० आणि १००. पहिले तीन म्हणजे लाल, पिवळा, हिरवा. चौथा, शंभराचा भाग, वर्तुळाचा खालचा अर्धा हिस्सा व्यापतो. त्याला `No fill` देऊन अदृश्य करायचे. चार्टची अर्धी जागा इथेच रिकामी गेली, तरी पडद्यावर ती अडलेलीच राहते. मग त्यावर काट्यासाठी पाय चार्ट चढवायचा. दोन्ही चार्ट २७० अंशांनी फिरवायचे, म्हणजे सुरुवात डावीकडून होते. काट्याचे तीन भाग साधारण असे असतात:

```
B2: =A2/60000*100
B3: 2
B4: =200-B2-B3
```

A2 मध्ये आजचे लिटर. B2 म्हणजे काट्याच्या आधीची मोकळी जागा, B3 म्हणजे काट्याची जाडी, B4 म्हणजे उरलेले वर्तुळ. पहिला आणि तिसरा भाग अदृश्य केला, की मधला बारीक तुकडा काट्यासारखा दिसतो.

आता जाडीचा तो २ नीट पाहा. या मोजपट्टीवर शंभर भाग म्हणजे ६० हजार लिटर, तेव्हा दोन भाग म्हणजे बाराशे लिटर. काट्याची नुसती जाडीच बाराशे लिटरची आहे. शनिवार ते रविवार जी घसरण झाली, ती बरोबर एका काट्याच्या जाडीएवढी. शिवाय B2 पाशी काटा सुरू होतो आणि पुढे दोन भाग जातो, त्यामुळे त्याचा मध्य खऱ्या आकड्याच्या सहाशे लिटर पुढे पडतो. ४२,३०० च्या ठिकाणी तो ४२,९०० दाखवत असतो. B2 मधून १ वजा केला की ही चूक जाते, पण इंटरनेटवरून उचललेल्या कित्येक नमुना फायलींत ते केलेले नसते. काटा बारीक करायला जाडी १ केली, तर तो भिंतीवरच्या टीव्हीवर खुर्चीतून दिसत नाही.

पॉवर बीआय वापरणाऱ्यांना तबकडी आयती मिळते, पण तिथे दुसरा धोका आहे. मोजपट्टीचे कमाल मूल्य तुम्ही दिले नाही, तर ती आजच्या आकड्याच्या दुप्पट धरली जाते. त्यामुळे आजचा आकडा कितीही असो, भरलेला पट्टा बरोबर अर्ध्यावर थांबतो. ४६ हजार लिटर आले तरी अर्ध्यावर आणि २० हजार आले तरी अर्ध्यावर. हे ओळखायचे कसे? पानावरच्या सगळ्या तबकड्या नेमक्या मध्यावर दिसल्या, किंवा तारीख बदलूनही पट्टा जागचा हलला नाही, की कमाल मूल्य द्यायचे राहून गेले आहे असे समजावे. त्याच पानावर आकड्यांची साधी कार्डे असती, तर अशी चूक व्हायला जागाच नव्हती, कारण कार्डाला मोजपट्टी नसते.

मग ही गोल तबकडी आली कुठून? ती यंत्राच्या पोटातून आली. फ्रान्सच्या युजीन बूर्दाँ यांनी १८४९ साली दाबमापकाचे पेटंट घेतले. त्यात एक वाकडी पोकळ नळी असते. आत दाब वाढला की ती थोडी सरळ होते आणि तिच्या ओढीने दातेरी चाक व काटा फिरतो. स्ट्रासबर्गच्या ओट्टो शुल्त्से यांनी १९०२ साली वाहनाच्या वेगमापकाचे पेटंट घेतले. चाकाकडून आलेली तार एक चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या तबकडीला आपल्याबरोबर ओढू पाहतो, आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त आणि तितका काटा पुढे. दोन्ही यंत्रांत मोजमाप हे मुळातच फिरणे होते, म्हणून मोजपट्टीही गोल झाली. दूध संघाच्या पडद्यामागे असे काही फिरत नाही. तिथे तक्त्यातला एक आकडा आहे, आणि त्याला मुद्दाम कोनात बदलून पाहणाऱ्याला पुन्हा आकड्यात बदलायला लावले जाते.

खऱ्या यंत्रावरच्या तबकडीचे महत्त्व मी कमी करणार नाही. बॉयलरसमोर उभ्या असलेल्या माणसाला दाब किती आहे यापेक्षा तो कोणत्या बाजूला आणि किती झपाट्याने चालला आहे हे आधी कळायला हवे, आणि हलता काटा ते उत्तम सांगतो. वीजनिर्मिती केंद्रांत आणि विमानांत एकसारख्या तबकड्या अशा बसवतात, की सगळे ठीक असताना सगळे काटे एकाच दिशेला असावेत. मग एखादा वाकडा झाला की तो ओळीत लगेच खटकतो. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते, त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून अंदाज पुरतो. या सगळ्या ठिकाणी मोजली जाणारी गोष्ट क्षणाक्षणाला बदलते आणि माणूस समोर उभा राहून तिच्याप्रमाणे हात चालवत असतो. दूध संघाचे संकलन सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ठरते. फॅटची सरासरी दिवसाला एकच असते. व्यवस्थापक त्या आकड्याकडे पाहून कोणतीही तोटी वळवत नाहीत, ते फोन उचलतात. त्यांना दिशा, फरक आणि कारणाचा पत्ता हवा असतो.

आता त्याच जागेत आकड्यांचे कार्ड लावू. वर लहान अक्षरांत ‘आजचे संकलन’. त्याखाली ठळक ‘४२,३०० लिटर’. त्याखाली साध्या अक्षरांत ‘लक्ष्यापेक्षा २,७०० कमी’, आणि आणखी एका ओळीत ‘सोमवारपासून ४,५०० घट’. शेजारी सात दिवसांची एक बारीक रेघ. अशा रेघेला स्पार्कलाइन म्हणतात. एडवर्ड टफ्टी यांनी ही कल्पना मांडली आणि एक्सेलमध्ये ती २०१० पासून एका खणात बसते. रेघ सातही दिवस खालीच उतरते आहे हे एका नजरेत कळते, आणि तबकडीवर हीच गोष्ट सगळ्यात आधी हरवली होती.

नुसता आकडा लिहून काम भागत नाही, हेही सांगायला हवे. ‘४२,३००’ एवढेच दिसले तर ते चांगले की वाईट, हे पाहणाऱ्याला कळत नाही. आकड्याला तुलनेची सोबत लागते, मग ती लक्ष्याशी असो, मागच्या आठवड्याशी असो किंवा गेल्या वर्षीच्या याच तारखेशी. दुधाच्या धंद्यात गेल्या वर्षीची तुलना बहुधा सगळ्यात प्रामाणिक ठरते, कारण उन्हाळ्यात दूध आटते आणि थंडीत वाढते, आणि एप्रिलची तुलना मार्चशी केली की उगाच घबराट होते. आकडा गोळाही करावा. वजनकाट्याने ४२,३१७.५ दिले तरी भिंतीवर ४२,३०० पुरे. अपवाद फॅटचा. तिथे दशांशाच्या पहिल्या घरावर शेतकऱ्याचा दर ठरतो. गायीच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि त्याखाली गेले की कापला जातो. शून्य ते दहाच्या तबकडीवर फॅट ३.८ वरून ३.६ झाले, तर काटा पुन्हा तेवढेच ३.६ अंश हलतो, म्हणजे हललाच नाही असे वाटते. कार्डावर मात्र ३.६ हा ३.६ च दिसतो आणि खाली ‘कालपेक्षा ०.२ कमी’ असे लिहिता येते.

बाणांच्या बाबतीत जपून राहावे. संकलन वाढले तर वरचा बाण चांगला, नाकारलेले दूध वाढले तर तोच बाण वाईट. हिरवा आणि लाल रंग ज्यांना वेगळे दिसत नाहीत, अशी माणसे प्रत्येक कार्यालयात निघतात, आणि ती बहुतेक पुरुष असतात. म्हणून ‘कमी’, ‘जास्त’, ‘घट’ हे शब्दच लिहावेत. रंग राखून ठेवावा तो फक्त ज्या कार्डाकडे आज लक्ष द्यायचे त्याच्यासाठी. सहाही चौकटींत तीन-तीन रंग रोज झळकत असतील, तर लाल रंगाने सांगायचे तरी काय उरते?

आपल्याकडची एक अडचण पैशाच्या आकड्यांची. दहा दिवसांचे दूध बिल १,५४,००,००० रुपये असेल, तर परदेशी पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते 15.4M असे दिसते. संचालक मंडळातल्या कुणीही दशलक्षात विचार करत नाही. त्यांना एक कोटी चोपन्न लाख कळते. एक्सेलमध्ये लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील, तर खणाच्या कस्टम फॉरमॅटमध्ये हे टाकता येते:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

त्याची एक मर्यादा आहे. उणे आकडा लाखाच्या वर गेला, की तो तिसऱ्या भागात पडतो आणि त्यात स्वल्पविराम पुन्हा तीन-तीन घरांनी येतात. तोट्याचे आकडे दाखवायचे असतील तर संगणकाच्या रिजन सेटिंगमध्येच भारतीय पद्धत निवडणे बरे.

आकड्यापलीकडे जाऊन लक्ष्य किती गाठले हे चित्रातच हवे असेल, तर त्यालाही सरळ उपाय आहे. स्टीफन फ्यू यांनी २००५ च्या सुमारास, अशा तबकड्यांना पर्याय म्हणूनच, बुलेट ग्राफ तयार केला. एक आडवी पट्टी, तिच्यात आजच्या आकड्याएवढी गडद पट्टी, आणि लक्ष्याच्या जागी एक उभी रेघ. मागे फिक्या छटांत वाईट, बरे, चांगले असे पट्टे. यात माणूस कोन न वाचता लांबी वाचतो, आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकाखाली एक ठेवता येतात. तरीही पहिली पसंती कार्डालाच द्यावी. बुलेट ग्राफ नव्याने पाहणाऱ्याला समजावून सांगावा लागतो, आकडा समजावून सांगावा लागत नाही.

तबकड्या काढल्यावर पडद्यावर जी जागा मोकळी झाली, तिचे काय करायचे? तिथे मार्गवार तक्ता लावायचा. सोमवारी आणि रविवारी चारही मार्गांचे संकलन शेजारी शेजारी ठेवले, की असे दिसते: पहिला मार्ग १२,४०० वरून १२,३००, दुसरा १०,९०० वरून १०,७००, तिसरा १३,२०० वरून ९,३००, चौथा १०,३०० वरून १०,०००. साडेचार हजारांपैकी ३,९०० लिटर एकट्या तिसऱ्या मार्गावर गेले. आता व्यवस्थापकांना उन्हाळ्याला दोष देता येत नाही, कारण ऊन चारही मार्गांवर सारखेच आहे. ते तिसऱ्या मार्गाच्या टँकरचालकाला आणि तिथल्या संस्थांच्या सचिवांना फोन करतात. कुठल्या गावात कुणी लिटरमागे जास्त भाव देऊन दूध उचलू लागले आहे का, की एखाद्या केंद्रावरचा वजनकाटा बिघडला आहे, हे त्याच दिवशी विचारता येते.

राहता राहिली बल्क कूलरची तबकडी. कूलरच्या टाकीवरचा खरा तापमापक आहे तिथेच राहू द्यावा. दूध ४ अंश सेल्सियसला थंड ठेवायचे असते, आणि टाकीजवळच्या कामगाराला येता-जाता काटा पाहणे सोयीचे आहे. पडद्यावर मात्र त्याची नक्कल नको. समजा रात्री दोन वाजता वीज गेली, जनरेटर वेळेवर चालू झाला नाही आणि दूध ९ अंशांपर्यंत तापले. चार वाजता वीज आली. सकाळी आठला व्यवस्थापक येतात, तोवर तापमान ३.९ झालेले असते. काटा हिरव्यात असतो, कारण काट्याला फक्त आत्ताचे माहीत असते. त्या जागी कार्डावर असे लिहिलेले हवे: ‘रात्रीचे कमाल तापमान ९.०°, ४° च्या वर ३ तास १० मिनिटे, शेवटची नोंद सकाळी ७:५५’. एवढे वाचले की व्यवस्थापक त्या टाकीतले दूध टँकरमध्ये सोडण्याआधी नमुना काढायला सांगतात आणि मेथिलीन ब्लूची चाचणी होईपर्यंत टँकर थांबवून ठेवतात.